न्हावा शेवाला माल अडकलाय, सीएचएला काय लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या कारखान्यात आयातीचे कागद सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. सीएचए म्हणजे कस्टम्समधलं काम आपल्या वतीने करणारा एजंट, कायद्याच्या भाषेत कस्टम्स ब्रोकर. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळं खातं असतं. आपल्याकडे मात्र खरेदी, अकाउंट्स आणि इम्पोर्ट हे सगळं बहुधा एकाच टेबलावर येतं, आणि कंटेनर अडकला की त्याच टेबलावरचा फोन दिवसभर वाजतो.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याने थायलंडहून मेकॅनिकल सील मागवले. माल थायलंडच्या कारखान्यातून लेम चबांग बंदरावरून न्हावा शेवाला आला, पण बिल सिंगापूरच्या ट्रेडिंग कंपनीने दिलं. भारत-आसियान व्यापार करारातली सवलतीची ड्युटी मागितली होती. त्यासाठी ओरिजिनचा दाखला लागतो, म्हणजे माल कुठल्या देशात बनला ते सांगणारा कागद. त्या दाखल्यावरच्या एका विसंगतीमुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला भरून द्यायचा अर्ज, क्वेरीत गेली. उदाहरणातले नंबर आणि रकमा नमुन्याच्या आहेत, पण प्रकार नेहमी घडणारा आहे.

"माल अडकला" असं सीएचए म्हणतो, म्हणजे नक्की कुठे?

पत्र लिहिण्याआधी याचं उत्तर हवं. अडकण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक जागी काम दुसऱ्याच माणसाकडे असतं.

पहिली जागा असेसमेंट. बिल ऑफ एंट्री भरली, अधिकाऱ्याने ती पाहिली आणि प्रश्न विचारला. यालाच क्वेरी म्हणतात. उत्तर बहुतेक वेळा आपल्याकडच्या किंवा सप्लायरकडच्या कागदात असतं, त्यामुळे सीएचएवर कितीही चिडलं तरी तो पुढे सरकू शकत नाही. दुसरी जागा तपासणी. कागद मान्य झाले, पण सिस्टीमने कंटेनर उघडून पाहायला सांगितला. इथे काम सीएचएच्या डॉकवरच्या माणसाचं आणि सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या गोदामाच्या, मजुरांचं असतं. तिसरी जागा म्हणजे दुसऱ्या खात्याची एनओसी. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय, रोपं-बियाणं असतील तर प्लांट क्वारंटाइन. चौथी जागा शिपिंग लाइन. तिचे चार्जेस थकले असले तर माल ताब्यात घ्यायला लागणारी तिची डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही आणि फोनवर तेही "माल अडकला" असंच सांगितलं जातं, पण त्यात कस्टम्सचा काही संबंध नसतो.

कस्टम्सच्या तपास शाखेने माल रोखणं हा पाचवा आणि सर्वांत गंभीर प्रकार. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

सीएचएला विचारण्याआधी मी स्वतः काय पाहू शकतो?

icegate.gov.in या साइटवर बिल ऑफ एंट्रीची स्थिती लॉगिन न करता पाहता येते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बंदराचा कोड, बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि तिची तारीख. न्हावा शेवाचा कोड INNSA1 आहे, सहारच्या एअर कार्गोचा INBOM4. नुसत्या नंबरावर शोध लागत नाही, म्हणून सीएचएकडून नंबर घेताना तारीखही घ्या.

तिथे क्वेरी आली आहे का, उत्तर गेलं आहे का, ड्युटी भरली आहे का आणि आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल नेण्याची कस्टम्सची परवानगी, मिळाला आहे का, एवढं कळतं. पत्राचा पहिला परिच्छेद लिहायला इतकं पुरेसं आहे. "आमच्या मालाचं काय झालं?" असं विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर आणि "काल क्वेरी दिसली, तिचा मजकूर पाठवा" असं लिहिणाऱ्याला मिळणारं उत्तर यांत खूप फरक असतो. तुम्ही पाहून लिहिताय हे समोरच्याला लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑक्टोबर 2020च्या अखेरीपासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. माल न्हावा शेवाला असला तरी तुमची बिल ऑफ एंट्री तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरातल्या कस्टम हाउसमध्ये बसलेला असू शकतो. त्यामुळे "साहेबांना जाऊन भेटा आणि समजावून सांगा" असं सीएचएला लिहिण्यात आता अर्थ राहिलेला नाही. जे सांगायचं ते लेखी उत्तरातून आणि ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चढवलेल्या कागदांतूनच सांगावं लागतं. साहजिकच तुमच्या पत्रातला मजकूर जितका नेमका, तितकं सीएचएचं उत्तर नेमकं.

पत्रात कुठले नंबर द्यायचे? सगळे दिले तर गोंधळ होत नाही का?

सगळे द्या, पण एका ठिकाणी आणि एकदाच. त्यानंतरच्या प्रत्येक मेलमध्ये तोच मेल-धागा पुढे चालवा, नवा सुरू करू नका. सीएचएच्या ऑफिसात एका वेळी बऱ्याच पार्ट्यांची कामं चालू असतात. तुमचा मेल उघडणारा मुलगा आणि डॉकवर उभा असलेला मुलगा वेगळे असतात. प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो.

बिल ऑफ एंट्री नंबर, तारीख आणि बंदर हे कस्टम्ससाठी. सीएचएच्या ऑफिसात मात्र काम त्यांच्या जॉब नंबरने चालतं, तोही लिहा. शिपिंग लाइनला बिल ऑफ लॅडिंगचा नंबर लागतो. फॉरवर्डरमार्फत माल आला असेल तर बिल ऑफ लॅडिंग दोन असतात, लाइनचं मास्टर आणि फॉरवर्डरचं हाउस. दोन्ही नंबर द्या आणि कुठला कोणता ते स्पष्ट लिहा. नाहीतर डिलिव्हरी ऑर्डरला गेलेला माणूस चुकीच्या काउंटरवर दिवस घालवतो. सीएफएसला कंटेनर नंबर हवा असतो, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. आयजीएम नंबर आणि त्यातला लाइन नंबर हा जहाजाच्या यादीतला तुमच्या मालाचा पत्ता असतो.

त्यानंतर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ओरिजिनचा दाखला, प्रत्येकाचा नंबर आणि तारीख. तारखेत महिना अक्षरांत लिहा. 5/6 ही तारीख पाच जून की सहा मे, यावरून सप्लायर आणि सीएचए यांच्यात उगाच मेल फिरत राहतात.

एक नंबर बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे आयआरएन. ई-संचितवर कागद चढवला की त्या कागदाला हा नंबर मिळतो. आपण सीएचएला दिलेला कागद खरोखर कस्टम्सपर्यंत गेला की त्याच्या इनबॉक्समध्येच राहिला, हे कळण्याचा तो पुरावा आहे. म्हणून नवा कागद पाठवताना प्रत्येक वेळी लिहा: "अपलोड झाल्यावर आयआरएन कळवा."

पत्राचा नमुना मिळेल का?

उदाहरणातल्या कारखान्याने पाठवायचा मेल असा:

> विषय: बिल ऑफ एंट्री 1234567 / 05 जून 2025 / INNSA1 / क्वेरी प्रलंबित / जॉब नं. 0456
>
> मा. साहेब, नमस्कार.
>
> वरील बिल ऑफ एंट्रीवर 10 जूनला क्वेरी आल्याचं आइसगेटवर दिसतं. उत्तर अजून गेलेलं नाही. मालाचा तपशील एकत्र देत आहे:
>
> माल: पंपाचे मेकॅनिकल सील, 40 कार्टन, एक वीस फुटी कंटेनर ABCU1234567
> मास्टर बीएल: ________, हाउस बीएल: ________
> आयजीएम: ________, लाइन: ____
> इन्व्हॉइस: SG-118, 26 मे 2025 (सिंगापूरच्या विक्रेत्याचा)
> कारखान्याचा इन्व्हॉइस: TH-902, 24 मे 2025 (थायलंड)
> ओरिजिन दाखला: नं. ________, 28 मे 2025
>
> आमच्या वाचनाप्रमाणे अडचण अशी आहे: दाखल्यावर TH-902 हा नंबर आहे आणि बिल ऑफ एंट्री SG-118 वर भरली आहे. तिसऱ्या देशातून बिल दिल्याची खूण दाखल्यावर केलेली नाही. माल, नग आणि वजन दोन्ही इन्व्हॉइसांत एकच आहेत.
>
> सोबत जोडले आहे: (1) दोन्ही इन्व्हॉइस, (2) आमची पर्चेस ऑर्डर, (3) सिंगापूरच्या विक्रेत्याचं पत्र, ज्यात दोन्ही इन्व्हॉइस एकाच मालाचे असल्याचं लिहिलं आहे. दाखला दुरुस्त करून द्यायला सप्लायरला आजच कळवलं आहे.
>
> आपल्याकडून उद्या, 12 जूनला दुपारपर्यंत हे हवं आहे:
> 1. क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा, किंवा स्क्रीनशॉट.
> 2. उत्तर द्यायची मुदत.
> 3. शिपिंग लाइनचे आणि सीएफएसचे फ्री डेज कुठल्या तारखेला संपतात, आणि नंतरचा रोजचा दर.
> 4. कस्टम्सला जाणाऱ्या उत्तराचा मसुदा. आम्ही मंजूर केल्यावरच तो सबमिट करावा.
>
> आमच्याकडून निर्णय मी देईन. संध्याकाळी सात वाजेपर्यंत फोनवर आहे.
>
> आपला,
> (नाव, कारखाना, आयईसी, मोबाइल)

यात चार गोष्टी आहेत: काय अडलंय, आमच्याकडे काय आहे, काय जोडलंय आणि तुम्ही काय कळवायचं. चौथ्या भागात प्रश्नांना नंबर दिले म्हणजे उत्तरही नंबरवार येतं, आणि एखादा प्रश्न सुटला तर तो नजरेत भरतो.

मसुदा मंजूर करण्याची अट मी स्वतः कधीच सोडत नाही. कस्टम्सला जाणारं उत्तर कायद्याने तुमचं निवेदन असतं. सीएचए ते तुमच्या वतीने देतो. त्याला तुमच्या सप्लायरचा व्यवहार माहीत नसतो, त्यामुळे तो घाईत असं काही लिहून जाईल की ते पुढे तुम्हालाच निस्तरावं लागेल.

क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा का मागायचा? सीएचए सांगतोच की.

तो सांगतो ते सारांश असतो. "सीओओचा प्रॉब्लेम आहे, नवा मागवा" असं त्याने ओरिजिनच्या दाखल्याबद्दल सांगितलं आणि तुम्ही सप्लायरला तेवढंच कळवलं, तर सप्लायर त्याच चुकीचा दुसरा दाखला पाठवू शकतो. मूळ मजकुरात अधिकाऱ्याने नेमकं काय विचारलं आहे ते असतं. दाखल्यावरच्या इन्व्हॉइसबद्दल खुलासा मागितला आहे, की माल खरोखर थायलंडमध्ये बनला याची माहिती मागितली आहे? या दोन क्वेऱ्यांची उत्तरं फार वेगळी आहेत.

दुसऱ्या प्रकारची क्वेरी असेल तर करारातली सवलत मागणाऱ्या आयातदारांसाठीच्या 2020च्या कॅरोटार नियमांप्रमाणे माहिती मागितल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती द्यावी लागते. माल थायलंडमध्ये कसा बनला, कच्चा माल कुठला, मूल्यवाढ किती, ही माहिती फॉर्म 1 मध्ये आयातदाराजवळ आधीपासून असायला हवी. सवलतीची ड्युटी मागताना तसं निवेदन आपण दिलेलंच असतं. हा फॉर्म भरलेला नसेल तर दहा दिवस फार अपुरे पडतात, कारण सप्लायर आपल्या खर्चाची माहिती सहजी देत नाही.

उदाहरणातल्या मालाचं पुढे काय करायचं? सीएचएला निर्णय काय कळवायचा?

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं कधी लिहू नका. पैशाचा निर्णय आयातदाराचा असतो. इथे रस्ते तीन आहेत, आणि आकडे समोर ठेवले की निवड सोपी होते.

समजा मालाची असेसेबल व्हॅल्यू 20 लाख रुपये आहे, बेसिक कस्टम्स ड्युटीचा मूळ दर 7.5 टक्के आहे आणि करारातला दर शून्य. सवलत मिळाली तर फक्त 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे 3,60,000 रुपये. सवलत गेली तर बेसिक ड्युटी 1,50,000, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज 15,000 आणि वाढलेल्या रकमेवर आयजीएसटी 3,89,700, एकूण 5,54,700. फरक 1,94,700 रुपयांचा. त्यातले आयजीएसटीचे 29,700 क्रेडिटमध्ये परत येतात. खरा प्रश्न उरतो 1,65,000 रुपयांचा.

पहिला रस्ता, दुरुस्त दाखल्याची वाट पाहायची. दुरुस्ती मूळ दाखला देणाऱ्या सरकारी खात्यानेच करायला हवी. थायलंडमध्ये ते खातं म्हणजे तिथल्या वाणिज्य मंत्रालयाचा परदेशी व्यापार विभाग. सप्लायरने पेनाने नंबर बदलून स्वतःचा शिक्का मारला तर तो दाखला नाकारला जाण्याचं वेगळंच कारण तयार होतं. पत्रात सप्लायरने दिलेली तारीख कळवा, आणि तोवर साठणारं भाडं 1,65,000च्या तुलनेत किती होतं ते मोजा.

दुसरा रस्ता, दाखल्याची पडताळणी होईपर्यंत प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, असेसमेंट मागायची आणि ड्युटीतल्या फरकाइतकी सिक्युरिटी देऊन माल सोडवायचा. कस्टम्स कायद्याच्या कलम 18 आणि 28डीए मध्ये ही सोय आहे. पंपांची लाइन सीलअभावी थांबली असेल तर मी हाच रस्ता आधी विचारेन. सीएचएला लिहा: "सिक्युरिटीवर माल सोडण्याचा अर्ज करता येईल का, बाँड किती रकमेचा आणि बँक गॅरंटी लागेल का, ते लेखी कळवा."

तिसरा, सवलत सोडून पूर्ण ड्युटी भरायची. माल सर्वांत लवकर सुटतो. मात्र नंतर "दाखला आला, आता फरक परत द्या" म्हणणं सोपं नसतं. आधी ती असेसमेंट बदलून घ्यावी लागते, मगच रिफंडचा विचार होतो. सवलतीचा हक्क सोडायचा नसेल, पण माल लगेच हवा असेल, तर ड्युटी "अंडर प्रोटेस्ट" भरत असल्याचं कळवायला सीएचएला सांगा. अधिकाऱ्याने आपला दावा नाकारून ड्युटी वाढवली आणि आपण ते लेखी मान्य केलं नाही, तर कलम 17(5) प्रमाणे त्याला पंधरा दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. हा आदेश हातात असला की अपील करता येतं. घाईत सीएचएने "आयातदाराला मान्य आहे" असं लिहून दिलं की हा आदेश मागण्याचा हक्क जातो. म्हणून पत्रात मोठ्या अक्षरांत लिहा: आमच्या लेखी होकाराशिवाय वाढीव असेसमेंट मान्य करू नये.

स्टेटस किती वेळा विचारायचं? रोज फोन केला तर चालतं का?

फोन करा, पण प्रश्न बदलत ठेवा. "काही झालं का?" या प्रश्नाला "बघतो, फाइल पुढे गेलीय" हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी पुढच्या पायरीचं विचारा. उत्तर सबमिट झालं का, किती वाजता? कागदाचा आयआरएन काय? क्वेरी परत आली का? ड्युटीचं चलन निघालं का? तपासणी लागली असेल तर कंटेनर उघडण्याची तारीख ठरली का, आणि सीएफएसचा मजूर बुक झाला का?

एक ठराविक वेळ ठरवून घेतली तर दोघांनाही बरं पडतं. माझा अनुभव असा की संध्याकाळी पाचनंतरचा अपडेट खरा असतो, कारण तोवर डॉकवरची माणसं परत आलेली असतात. सकाळी दहाला मिळणारं उत्तर बहुधा कालचंच असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण आणि फोटो चालतात. निर्णय, रकमा आणि मंजुरी मेलवरच. व्हॉट्सअ‍ॅपवर काही ठरलंच, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे..." सहा महिन्यांनी ऑडिटला हेच दोन ओळींचे मेल कामाला येतात.

भाड्याचं मीटर चालू आहे. त्याबद्दल काय लिहायचं?

मीटर दोन असतात आणि दोन्ही वेगळे विचारायचे. सीएफएस जागेचं भाडं घेतं, शिपिंग लाइन कंटेनर परत न केल्याबद्दल डिटेन्शन घेते. दोघांचे फ्री डेज वेगळे, मोजायला सुरुवातही वेगळ्या दिवशी होते. काही ठिकाणी दर आठवड्यागणिक चढत जातो. त्यामुळे "डिमरेज किती?" असं एकत्र न विचारता दोन तारखा आणि दोन दर मागा.

लांबणार असं दिसलं तर कलम 49 आठवा. क्लिअरन्स लगेच शक्य नसेल तर अर्ज करून माल तात्पुरता वेअरहाउसमध्ये ठेवता येतो, मुदत तीस दिवसांची. कंटेनर रिकामा करून परत दिला की शिपिंग लाइनचं मीटर थांबतं. वाहतूक आणि वेअरहाउसचा खर्च मोजून मगच ठरवा. दोन-चार दिवसांसाठी ते परवडत नाही.

तिसरंही एक आहे, कस्टम्सचं. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेरपर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये लागतात. ड्युटी भरायला उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. सीएचएच्या बिलात या रकमा दिसल्या तर कोणाच्या उशिरामुळे लागल्या ते मेलच्या तारखांवरून पाहा. तुम्ही चेकलिस्ट वेळेत मंजूर केल्याचा मेल असेल तर वाद लवकर मिटतो.

सीएचए सुचवतो की नव्या तारखेचा इन्व्हॉइस करून घ्या, लगेच सुटेल. करू का?

नाही. कस्टम्सकडे एक इन्व्हॉइस आधीच गेलेला आहे. दुसरा आला की विसंगतीची क्वेरी खोट्या कागदाच्या चौकशीत बदलते. कलम 114एए खाली जाणूनबुजून खोटा कागद वापरल्याचा दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. कागदात खरी चूक असेल तर ती उघड सांगून कलम 149 खाली दुरुस्ती मागता येते. सीएचएला मेलवरच लिहा की कुठलाही बदललेला इन्व्हॉइस अपलोड करू नये.

सीएचए उत्तरच देत नाही. काय करायचं?

आधी तुम्ही लिहिताय तो माणूस कोण ते पाहा. डॉकवरच्या एच कार्डवाल्या मुलाला कितीही मेसेज केले तरी क्वेरीचं उत्तर देणं त्याच्या हातात नसतं. मेल फर्मच्या भागीदाराला किंवा कस्टम्सची परीक्षा पास झालेल्या एफ कार्डधारकाला करा आणि मागच्या मेलांच्या तारखा लिहा.

तरीही शांतता असेल तर कस्टम्स ब्रोकर्स लायसेन्सिंग रेग्युलेशन्स 2018 मधला नियम 10 आहे. क्लायंटला दिलेली माहिती बरोबर आहे याची काळजी घेणं आणि काम विनाविलंब पार पाडणं, ही ब्रोकरची बंधनं तिथे लिहिलेली आहेत. पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख पुरतो. सुरुवातीलाच तो लिहिला तर संबंध बिघडतात आणि माल तर अजून त्याच्याच हातात असतो, म्हणून हे शेवटी ठेवा. कस्टम हाउसच्या तुरंत सुविधा केंद्रात आयातदार स्वतःही जाऊन चौकशी करू शकतो. जाताना बिल ऑफ एंट्री नंबर आणि ओळखपत्र न्या.

तपास शाखेने माल रोखला असेल, समन्स आलं असेल, तर?

तेव्हा सीएचएला लिहिणं थोडक्यात ठेवा आणि वकिलाला गाठा. कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक असतो. सीबीआयसीच्या साइटवर तो तपासा. सीएचएकडून फक्त दोन गोष्टी मागा: मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रत, आणि त्याने आधी तुमच्या वतीने काय लिहून दिलं त्याची प्रत. तुमचा जबाब त्याने द्यायचा नसतो.

पैसे कुठे भरायचे? सीएचए म्हणतो माझ्या खात्यावर टाका.

त्याची फी आणि त्याने भरलेली भाडी त्याच्या खात्यावर, बिल आणि मूळ पावत्या पाहून. कस्टम्स ड्युटी शक्यतो तुमच्या स्वतःच्या खात्यातून आइसगेटवर भरा. चलनाचा नंबर मागा, त्यावर बिल ऑफ एंट्रीचा नंबर जुळवा. "किरकोळ खर्च" म्हणून पावतीशिवाय आलेली मोठी रक्कम कशाची आहे ते लेखी विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

मराठीत लिहिलं तर चालेल?

सीएचएचं ऑफिस नवी मुंबईत असेल आणि माणसं मराठी असतील तर अवश्य. कागदांची नावं आणि नंबर मात्र कागदावर जसे छापले आहेत तसेच इंग्रजी अक्षरांत टाका, नाहीतर शोधताना सापडत नाहीत. कस्टम्सला जाणारा क्वेरीच्या उत्तराचा मसुदा आणि त्यासोबतचं तुमचं पत्र इंग्रजीत हवं, कारण वाचणारा अधिकारी चेन्नईचाही असू शकतो.

माल सुटला. आता आणखी काही लिहायचं असतं?

असतं, आणि हेच राहून जातं. आउट ऑफ चार्ज झालेल्या बिल ऑफ एंट्रीची अंतिम प्रत, ड्युटीचं चलन आणि सर्व आयआरएनची यादी मागा. आयजीएसटीचं क्रेडिट जीएसटी पोर्टलवर दिसतं का ते अकाउंट्सला पाहायला सांगा. जीएसटीआयएन चुकीचा पडला असेल तर ते दिसणार नाही, आणि दुरुस्ती लगेच मागितलेली बरी.

सिक्युरिटीवर माल सोडवला असेल तर ते काम अजून उघडंच आहे. दुरुस्त दाखला आला की तो अपलोड करून असेसमेंट फायनल करून घ्यायला लिहा, आणि मग बाँड व बँक गॅरंटी रद्द झाल्याचं पत्र मागा. तोवर बँक गॅरंटीचं कमिशन घेत राहते. तिच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाका, म्हणजे नूतनीकरणाची नोटीस यायच्या आत सीएचएला विचारता येईल. ओरिजिनची माहिती आणि फॉर्म 1 पाच वर्षं जपून ठेवावा लागतो. तो सीएचएच्या नाही, आपल्या फाइलला लावा.